दहा नंबरची जर्सी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या उर्दू हायस्कूलच्या मुलींनी तालुक्याची शालेय खो-खो स्पर्धा जिंकली, सतरा वर्षांखालील गटात. अल्हम्दुलिल्लाह, शाळा सुरू झाल्यापासून मुलींच्या संघाने आणलेला हा पहिलाच चषक. खेळ शिकवणे हे माझे काम नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण मुलींचा संघ बाहेरगावी जायचा असला की सोबत बाई लागतात, म्हणून संघव्यवस्थापक या भारदस्त नावाखाली पाण्याचे कॅन, आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि अठरा मुलींच्या अम्मी-अब्बांच्या परवानग्या सांभाळायचे काम माझ्याकडे आले. आणि मराठीची बाई असल्याने जिंकल्यानंतरची सूचना लिहिण्याचे कामही माझ्याकडेच आले.

मी लिहिलेली ती पहिली सूचना आजही माझ्या डायरीत आहे. "आपल्या संघाने प्रतिस्पर्धी संघाचा धुव्वा उडवून विजेतेपद पटकावले. विजयी संघात पुढील खेळाडूंचा समावेश होता," आणि पुढे नऊ नावे. शेवटी एक ओळ: "राखीव खेळाडूंचेही सहकार्य लाभले." उर्दू सूचनेत मी 'राखीव'साठी 'इजाफी' असा शब्द घातला होता. इजाफी म्हणजे ज्यादा, वरचा. मिठाईवाला वजन झाल्यावर वरून एक बालुशाही टाकतो ना, तसा. लिहिताना यात काही खटकले नाही. परिपाठात वाचली, नऊ मुली मंचावर आल्या, टाळ्या झाल्या. फोटो निघाला. तो फोटो काढणारी मुलगी त्या संघातलीच होती, हे मला नंतर आठवले.

खो-खोच्या संघात बारा जणी असतात. मैदानावर एका वेळी नऊ. आक्रमण असेल तेव्हा आठ जणी मधल्या पाटीवर एकीआड एक उलट तोंडे करून बसतात आणि नववी धावते. संरक्षण असेल तेव्हा त्याच नऊ जणी तिघी-तिघींच्या तुकड्या करून आत जातात. उरलेल्या तिघी कडेला बसतात. त्यांनाही जर्सी असते, ओळखपत्र असते, प्रवेशिकेवर फोटो आणि मुख्याध्यापकांची सही असते. पहाटेची एसटी त्यांनीही पकडलेली असते. फक्त मैदानावरच्या गुणपत्रिकेत त्यांचे नाव कुठे येत नाही, कारण त्या कागदावर कोण बाद झाली, कुणी केली आणि किती मिनिटांनी केली एवढेच लिहितात.

चार दिवसांनी बाजारात एका बाईंनी मला थांबवले. बुरखा थोडा वर करून म्हणाल्या, "मिस, मेरी बच्ची तुमारे साथ गई थी ना?" मी ओळखले. टेलरमामूंच्या घरच्या त्या. त्यांची मुलगी नववीत, दहा नंबरची जर्सी. मी म्हटले, हो तर, गेली होती, आम्ही जिंकलो की. त्या म्हणाल्या, "उसका भाई बोलता है, आपा का नाम लिया नहीं करके. इसके अब्बा बोले, खेलनाच नहीं तो इत्ता दूर काय को जाना?"

भाऊ सहावीत, आमच्याच शाळेत. परिपाठाच्या रांगेत उभा राहून आपल्या बहिणीचे नाव येण्याची वाट पाहत होता. नाव आले नाही, ते त्याने घरी जाऊन सांगितले. लहान मुले खोटे बोलत नाहीत. आणि आता महिन्याभराने जिल्ह्याची स्पर्धा होती, गावापासून अडीच तासांवर. त्या परवानगीच्या कागदावर त्याच अब्बांची सही हवी होती.

दुसऱ्या दिवशी मुलीने जर्सी परत आणून दिली. धुऊन, इस्त्री करून, टेलरच्या घरातली असल्याने घडी अशी की दुकानातली वाटावी. "मिस, ये दूसरी किसी को दे दो." रडली वगैरे नाही. मी ती जर्सी कपाटात ठेवली आणि कुणालाच दिली नाही.

तेव्हा मी पहिल्यांदा क्रीडा शिक्षकांपाशी जाऊन बसले आणि विचारले, सर, ही मुलगी त्या दिवशी करत काय होती? मला खरेच माहीत नव्हते. मी कॅन भरत होते. सर म्हणाले, "ती वही लिहिते." कसली वही? मग कर्णधार मुलीला बोलावले. ती दहावीतली, बोलायला चटपटीत. तिने सांगितले ते असे. दहा नंबरवाली कडेला बसून समोरच्या संघाची प्रत्येक धावणारी टिपते. कुठल्या तुकडीत आली, किती वेळ टिकली, साखळीत म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळते की एका टोकाला गोल फिरत राहते, आणि बाद झाली ती कशी: खांबाजवळ, सुरात, की स्वतःच्या चुकीने रेषेबाहेर जाऊन. उपांत्य सामन्यात विरुद्ध संघाची एक मुलगी काही केल्या सापडत नव्हती. दहा नंबरवालीने पाळी संपल्यावर सांगितले की ती खांबाजवळ आली की दर वेळी आधी डावीकडे झुकते आणि मग उजवीकडे सुटते, झुकण्याला फसू नका. पुढच्या पाळीत ती मुलगी मिनिटाच्या आत बाद झाली. "मिस, आउट मैंने किया, पर मालूम उसको था," कर्णधार म्हणाली.

हे माझ्या सूचनेत "सहकार्य लाभले" या दोन शब्दांत गेले होते. खरे तर त्या दोन शब्दांत काहीच गेले नव्हते. मी ती ओळ लग्नपत्रिकेत 'आपले विनीत' लिहितात तशी लिहिली होती.

मग बाकीच्या दोघींचेही विचारले. तालुक्याला राखीव असलेली दुसरी मुलगी अकरा नंबरची, तिच्याबद्दल पुढे येईलच. तिसरी आठवीतली, अंगाने एवढीशी, बारा नंबर. सामन्यात तिला उतरवायची सरांची इतक्यात हिंमत नव्हती. पण सरावात नऊ जणींना आक्रमण शिकायचे तर समोर कुणीतरी पळायला हवे, आणि चांगले पळायला हवे. हळू पळणारीला पकडून पकडून खेळाडू आळशी होतात. ही लहानखुरी रोज संध्याकाळी पाऊण तास चिखलात पळायची आणि नऊ जणी मिळून तिला पकडायच्या. सर म्हणाले, जिल्ह्याला आपल्या पोरी हिच्यापेक्षा चपळ कुणी पाहणार नाहीत. शिवाय सरावाला अठरा मुली येत, बारा नाही. त्या वरच्या सहा जणींशिवाय समोर दुसरा संघ उभाच राहिला नसता.

टेलरमामूंकडे मी स्वतः गेले. दुकान मशिदीच्या बोळात, एक मशीन, वर रेडिओ. त्यांनी स्टूल दिले, चहा सांगितला आणि कापडावरून नजर न उचलता म्हणाले, मॅडम, मुलीला खेळायला माझी ना नाही. पण घरातले विचारतात, लोक विचारतात, ही जाते आणि नुसती बसून येते, तर मी काय सांगू? प्रश्न रास्त होता. मी वहीचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण चेहऱ्यावर फारसे काही उमटले नाही. मग मला एक सुचले, कारण रेडिओवर क्रिकेट चालू होते. मी म्हटले, मामू, १९८३ चा वर्ल्ड कप आठवतो? आता कात्री थांबली. म्हणाले, आठवतो म्हणजे? मी म्हटले, त्या संघातली नावे सांगा. कपिल, गावसकर, श्रीकांत, मोहिंदर, किरमाणी, रॉजर बिन्नी, मदनलाल... ते बोटे मोजत तेरापर्यंत आले, थांबले, आणि एकदम म्हणाले, "वाल्सन! सुनील वाल्सन!"

तो एकही सामना खेळला नव्हता, मी म्हटले. "एक भी नहीं," ते म्हणाले. चौदा जणांच्या त्या संघात डावखुरा वेगवान गोलंदाज सुनील वाल्सन हा एकटाच असा होता की ज्याला त्या स्पर्धेत एकाही सामन्यात उतरवले नाही, आणि पुढेही भारताकडून त्याला कधी खेळायला मिळाले नाही. पण तो चौदावा होता. लॉर्ड्सच्या त्या दिवसाला चाळीस वर्षे उलटली तरी एका तालुक्याच्या गावातल्या शिंप्याला ते नाव आठवते, कारण त्या काळी यादी छापताना कुणी तेरावर थांबले नव्हते. मामू हसले. सही मात्र लगेच केली नाही. "देखते," म्हणाले. दोन दिवसांनी भावाच्या हाती कागद आला, सही केलेला. जर्सी मी कपाटातून काढून दिली.

जिल्ह्याच्या आठ दिवस आधी वेगळेच घडले. आमच्या नऊ जणींतली चार नंबरची मुलगी, खांबाजवळच्या चौकोनात बसणारी, सरावात पाय मुरगळून पडली. घोटा टम्म सुजला. हाड मोडले नव्हते, पण डॉक्टरांनी तीन आठवडे धावायचे नाही म्हणून सांगितले. खांबाजवळची जागा अवघड. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालते तेव्हा तिथे बसलेलीला खो मिळताच एका झेपेत उठावे लागते, नाहीतर सावज निसटते. तिच्या जागी अकरा नंबरची मुलगी आली. बाराच्या यादीत चार नंबर राहिली, कारण प्रवेशिका आधीच गेली होती. आता राखीव तिघी म्हणजे चार, दहा आणि बारा.

चार नंबर रोज मैदानावर यायची. पायाला क्रेप बँडेज, हातात भावाची काठी. खांबाशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि आपल्याच जागेवर बसलेल्या मुलीला सांगायची: टाच उचलून बस, वजन पुढच्या पायावर ठेव, खो ऐकू येईपर्यंत उठू नकोस, नाहीतर फाउल होईल. मला तिच्याकडे बघवत नव्हते. बाहेर बसणाऱ्या सगळ्या सारख्या नसतात, हे मला तिच्यामुळे कळले. दहा नंबरला मिळालेले नव्हते, बारा नंबरची वेळ अजून यायची होती, आणि चार नंबरच्या हातातले गेले होते. तिघींना एकच 'राखीव' शब्द लावला की तिघींचेही चुकते.

चार नंबरवरून मला स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलेली फुटबॉलची एक हकीकत आठवली. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. जिमी ग्रीव्ह्ज हा त्यांचा मोठा गोल करणारा खेळाडू. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या पायाला जखम झाली, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला, आणि अंतिम सामन्यात हर्स्टने तीन गोल केले. ग्रीव्ह्ज बाहेर बसून होता. त्या काळी पदके फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांना मिळत. पुढे २००७ साली फुटबॉलच्या जागतिक संघटनेने नियम मागे नेऊन जुन्या विजेत्या संघांतल्या सगळ्यांना पदके द्यायचे ठरवले, आणि ग्रीव्ह्जला त्याचे पदक २००९ मध्ये मिळाले. तेव्हा त्याचे वय एकोणसत्तर. एवढ्या मोठ्या संघटनेलाही चूक सुधारायला चाळीस वर्षे लागली म्हणून मी माझ्या पहिल्या सूचनेबद्दल स्वतःला थोडी सूट देते. पण आमच्या चार नंबरला एकोणसत्तर वर्षांपर्यंत थांबवायचे नव्हते.

जिल्ह्याचा अंतिम सामना मी कॅन न भरता पाहिला. पहिल्या डावात त्यांनी आमच्या सात जणी बाद केल्या, आम्ही त्यांच्या सहा. दुसऱ्या डावात आमची कर्णधार दोन मिनिटे चाळीस सेकंद पळाली, त्यामुळे त्यांना पाचच गुण मिळाले. त्यांचे बारा झाले. आम्हाला शेवटच्या पाळीत सात हवे होते. सहावी बाद झाली तेव्हा जवळजवळ तीन मिनिटे उरली होती आणि त्यांची सगळ्यात चिवट मुलगी आत होती. ती खांबाकडे धावली. अकरा नंबर टाच उचलून बसलेली. खो ऐकू आला, ती उठली, आणि सुरात तिचा हात त्या मुलीच्या टाचेला लागला. तेरा-बारा. एक गुण आणि एक मिनिट चाळीस सेकंद राखून. कडेला चार नंबर काठी टाकून उड्या मारायला लागली, तिला सरांनी खांद्याला धरून खाली बसवले.

परतताना एसटीत मी डायरी काढली आणि सूचना लिहायला घेतली. तीनदा खोडली.

पहिला मसुदा माझ्यातल्या प्रेमळ बाईने लिहिला होता: "हा विजय सर्वांचा आहे, न खेळलेल्यांचा वाटाही तेवढाच मोठा आहे." शेजारी बसलेल्या कर्णधाराला वाचून दाखवला. ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मिस, तेवढाच?" तिच्या दोन्ही गुडघ्यांची साले निघाली होती. मागच्या बाकावरची दहा नंबरसुद्धा हसली आणि म्हणाली, "मिस, झूठ लगता है." मुलींना हिशेब चोख समजतो. नऊ जणी मैदानावर पळाल्या, त्यांचा घाम बारांत सारखा वाटून टाकला की ज्यांना वाटा मिळाला त्यांनाही तो दान वाटतो. प्रत्येकीने जे केले ते तिच्या नावावर हवे, कमीही नको आणि वाढवूनही नको.

म्हणून एसटीतच प्रत्येकीबद्दल तीन ठिकाणी विचारले: सरांना, कर्णधाराला आणि खुद्द तिला. सरांना आणि कर्णधाराला एकच प्रश्न: ही नसती तर काय अडले असते? उत्तर आले ते लिहायचे. खुद्द मुलीला दुसरा प्रश्न: हे लिहिले तर चालेल ना? हा दुसरा प्रश्न मी आधी कधी विचारला नसता. पण चार नंबर म्हणाली, "मिस, 'दुर्दैवाने जखमी' नको लिहू. बिचारी नको." आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सरावाच्या सहा जणींना विचारले तेव्हा एक म्हणाली की परिपाठात नाव घ्या, पण फलकावर आणि पेपरात नको. घरच्यांची शाळेच्या आवारात खेळायला हरकत नव्हती, पण नाव गावभर व्हायला होती. तिचे नाव परिपाठातच घेतले.

शेवटी वाचली ती सूचना अशी. नावांच्या जागी इथे मी नंबर घालते, मुली लहान आहेत.

"आपल्या शाळेच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाने काल जिल्हास्तरीय शालेय खो-खो स्पर्धा जिंकली. बारा जणींचा हा संघ जर्सीच्या क्रमाने असा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. अंतिम सामना १३-१२ असा, एक गुण आणि १ मिनिट ४० सेकंद राखून जिंकला. कर्णधाराने दुसऱ्या डावात २ मिनिटे ४० सेकंद संरक्षण केले. शेवटचा गुण अकरा क्रमांकाने खांबाजवळ सूर मारून मिळवला. ती जागा चार क्रमांकाची. पायाला दुखापत असताना तिने आठ दिवस ती जागा अकरा क्रमांकाला शिकवली. समोरच्या संघातल्या प्रत्येक खेळाडूची नोंद दहा क्रमांकाने ठेवली आणि त्यावरून सर आणि कर्णधार यांनी आक्रमण ठरवले. बारा क्रमांकाला पकडण्याचा सराव करून आपल्या खेळाडू तयार झाल्या. सरावात रोज समोर उभ्या राहिलेल्या सहा जणी अशा."

'राखीव' शब्द त्यात नाही. तो वाईट आहे असे नव्हे, प्रवेशिकेत तो लागतोच. पण नंबरने नावे घेतली की बारा जणी एका ओळीत येतात आणि कोण आत, कोण बाहेर याची रेघ मध्ये पडत नाही. चार नंबर तर बाहेर असूनही यादीत चौथीच आली. उर्दूतून 'इजाफी' मी खोडला, दुसरा शब्द शोधत बसले नाही. 'धुव्वा उडवला'ही काढला. हरलेल्या शाळेच्या मुली स्टँडवर आमच्याच बाकावर डबा खात होत्या, आणि एका गुणाच्या सामन्याला धुव्वा म्हणणे तसेही खोटेच होते.

एवढ्यावर भागले नाही. पेपरला बातमी पाठवायची तर वेगळी सावधगिरी लागते. तालुक्याच्या वेळी मी राखीव मुलींची ओळ शेवटी ठेवली होती, आणि पेपरवाले जागा कमी पडली की खालून कापतात. छापून आली तेव्हा ती ओळही गेली होती. या वेळी बाराही नावे दुसऱ्याच वाक्यात घातली आणि निकाल त्यानंतर. मुख्याध्यापकांचे आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे अभिनंदन सगळ्यात खाली ठेवले. ते कापले गेले, आणि त्याबद्दल मला स्टाफरूममध्ये दोन दिवस थंड चहा प्यावा लागला.

फ्लेक्सवर फोटो नको असे दोन घरांतून आले. मग दोघींना वगळून दहांचा फोटो लावायचा? सगळ्यांचाच काढून टाकला. नुसती नावे, नंबर आणि मध्ये चषकाचे चित्र. एका भल्या माणसाने बक्षीस म्हणून पाकिटे द्यायची ठरवली. त्याने फोनवर विचारले, "मॅडम, खेळल्या किती?" मी म्हटले, संघ बाराचा आहे. खोटे बोलले नाही आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तरही दिले नाही.

कुणाला हे सगळे आवडलेच असे नाही. एका मुलीच्या अम्मीने मला ऐकवले की आमची मुलगी ऊन-पावसात पळाली आणि बसलेलीलाही तेवढ्याच टाळ्या? मी त्यांना सूचना पुन्हा वाचून दाखवली. त्यांच्या मुलीची मिनिटे आणि सेकंद त्यात होते. त्या थोड्या निवळल्या, पूर्ण नाही. त्यांचेही चुकत नव्हते.

परिपाठाच्या दिवशी मी सहावीच्या रांगेकडे बघत होते. दहा नंबरचे नाव आले तेव्हा टेलरमामूंच्या मुलाने आधी इकडेतिकडे बघितले, सगळ्यांनी ऐकले ना याची खात्री केली, आणि मग टाळ्या वाजवल्या.

विभागीय स्पर्धेच्या कागदावर सही करायला मामू स्वतः शाळेत आले. मुलगी खेळेल का, त्यांनी विचारले. मी म्हटले, सांगता येत नाही, बहुतेक नाही. त्यांनी चष्मा लावला, कागद पूर्ण वाचला आणि सही केली.

खेळली नाही. विभागीयला आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो, समोरचा संघ खरोखर चांगला होता. परतीच्या गाडीत मुली गाणी न म्हणता झोपल्या. दहा नंबरने वही माझ्याकडे ठेवायला दिली. मी शेवटचे पान उघडले. आम्हाला हरवणाऱ्या नऊ जणींची नोंद होती, तुकडीप्रमाणे, मिनिटांप्रमाणे. खाली एक रेघ मारून अजून तीन नंबर लिहिले होते, त्यांच्या कडेला बसलेल्यांचे. त्यांच्यापुढे मिनिटांची जागा कोरी होती.